मूळजी जेठा मार्केटमध्ये दुकान शोधताना

म्हापशाहून कापडखरेदीसाठी पहिल्यांदाच मुंबईला निघालेल्या तुम्हाला माझे सांगणे असे की, व्यापाऱ्याकडून केवळ दुकानाचा क्रमांक न घेता चौक, गल्ली आणि जवळचा दरवाजा हेही फोनवर विचारून लिहून घ्यावे. समजा, पत्ता गोविंद चौकाचा आहे. सीएसएमटीहून क्रॉफर्ड मार्केट गाठून शेख मेमन स्ट्रीटने जुम्मा मशिदीची खूण धरत चालावे आणि सांगितलेल्या दरवाजानेच आत शिरावे. मी एकदा भलत्याच दरवाजाने शिरलो आणि तासभर सारख्याच दिसणाऱ्या गल्ल्यांतून फिरत राहिलो. छपराखाली मोबाइलचा नकाशा भरवशाचा नसतो. म्हणून हमालाला दुकानाचे नाव नव्हे, आधी चौक विचारावा, मगच पाट्यांवरचे क्रमांक पाहावेत.