डाय केलेले केस उन्हात तांबडे पडतात तेव्हा

प्रश्न: मी परभणीची, जि.प. शाळेत शिक्षिका आहे. स्कुटीवर रोज येणं-जाणं, शाळा गावापासून लांब. निम्मे केस पांढरे आहेत म्हणून फेब्रुवारीत पार्लरमध्ये डार्क ब्राऊन कलर केला. एप्रिल संपायच्या आत वरचे केस आणि पोनीची टोकं तांबडी व्हायलीत, आतले केस मात्र तसेच आहेत. स्कार्फ तर रोज बांधते. कलर खराब निघाला का? उन्हाचा स्प्रे घेऊ, का सरळ मेंदीवर जाऊ?

उत्तर:

ताई, कलर खराब असता किंवा नुसत्या धुण्यानं गेला असता, तर तो आत-बाहेर सारखाच उतरला असता. मानेवरचे आतले केस आणि भांगाजवळचे वरचे केस एकाच दिवशी रंगले, एकाच शॅम्पूनं धुतले गेले. तरी फरक पडला, म्हणजे तो उन्हाचाच. खात्री करायची तर दिवसा सावलीत उभं राहून आरशात मानेजवळची एक बट आणि टाळूवरची एक बट शेजारी धरून बघा. उन्हात धरून बघू नका, उन्हात चांगला काळा केससुद्धा तांबूस दिसतो. पार्लरच्या पिवळ्या दिव्याखालीही तेच होतं.

आता असं का होतं ते. पार्लरमधला पक्का कलर दोन भागांचा असतो, क्रीम आणि डेव्हलपर. क्रीममधला अमोनिया केसाचं वरचं खवल्यांचं आवरण उघडतो, डेव्हलपरमधलं पेरॉक्साइड आत जातं आणि बारीक कण एकत्र येऊन रंगाचे मोठे कण तयार होतात. ते मोठे असल्यामुळे लवकर बाहेर पडत नाहीत, म्हणून तो पक्का. पण तेच पेरॉक्साइड तुमच्या काळ्या केसातला मूळ रंगही थोडा उडवतं. 20 व्हॉल्यूमच्या डेव्हलपरमध्ये 6 टक्के पेरॉक्साइड असतं, तेवढं त्यासाठी पुरतं. मूळ काळा रंग उतरला की खाली तांबूस-नारिंगी थर उरतो. त्यावर ब्राऊन बसलेला असतो तोवर तो दिसत नाही. ब्राऊन फिका पडला की दिसतो.

ऊन इथं दोन कामं करतं. अतिनील किरण आणि काही प्रमाणात साधा उजेडही रंगाचे कण तोडतात. ब्राऊन हा एक रंग नसतो, दोन-तीन रंगांचं मिश्रण असतं, आणि त्यातली थंड, राखाडी छटा गेली की तांबूस उरते. दुसरं काम जास्त चिवट आहे. ऊन केसाच्या प्रथिनालाच इजा करतं, खवले खडबडीत होतात, केस आतून पोकळ पडतो. मग पुढच्या प्रत्येक धुण्यात रंग सहज निघतो. म्हणून बऱ्याच बायका म्हणतात, "परवा न्हाले आणि एकदम रंग गेला." रंग त्या दिवशी निघाला, पण वाट आधीच्या महिन्यात उन्हानं करून ठेवली होती. पांढऱ्या केसात तर स्वतःचं रंगद्रव्यच नसतं, ऊन झेलायला आत काहीच नाही, त्यामुळे ते सगळ्यात आधी तांबडे होतात.

तुमच्या बाबतीत वेळही बघा. मार्च-एप्रिलला सकाळची शाळा. जाताना सातचं कोवळं ऊन, त्याचं फारसं काही नाही. येताना मात्र तुम्ही अकरा-बाराला निघत असणार, म्हणजे दिवसातल्या सगळ्यात वाईट तासात. घड्याळात बारा वाजले तरी परभणीत सूर्य डोक्यावर येतो साडेबाराच्या अलीकडे-पलीकडे, आणि मेच्या मध्यावर तो अगदी सरळ डोक्यावर असतो, तोच शून्य सावलीचा दिवस. लातूरला तो थोडा आधी येतो, संभाजीनगरला थोडा नंतर. अशा उन्हाचा मारा गालावर कमी आणि भांगावर, टाळूवर जास्त. तुमचे नेमके तेच केस गेलेत. सोपी खूण म्हणजे आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की डोकं झाकायचं. यात गरमीचा संबंध नाही. डिसेंबरच्या गार दुपारीही किरण असतातच, कमी असतात इतकंच.

"स्कार्फ तर रोज बांधते" हे मी फार ऐकते. आपल्याकडं मिळणारे बरेचसे स्कार्फ धुळीसाठी आणि चेहऱ्यासाठी असतात. पातळ, जाळीदार विणीचे. एक पदर घेऊन घरातल्या पेटलेल्या बल्बसमोर धरा. बल्बचा आकार स्पष्ट दिसला तर त्यातून ऊनही तसंच आत येतं. होजिअरीचा ताणून बांधला की वीण आणखी उघडते. फिक्या रंगाच्या मलमलीपेक्षा गडद, घट्ट विणीचं सुती कापड बरं, आणि तेही डोक्यावर दुहेरी. गडद कापड गरम होतं ही तक्रार खरी आहे, पण घरी पोचेपर्यंत सोसवतं. थंडावा म्हणून स्कार्फ ओला करून बांधायची आपल्याकडं सवय आहे. उन्हाळ्यात डोक्याला बरं वाटतं, पण ओल्या सुती कापडातून कोरड्यापेक्षा जास्त किरण आत जातात. करायचंच तर आत ओला रुमाल, वर कोरडा दुहेरी स्कार्फ.

आणि पोनी. स्कार्फ डोक्याला, हेल्मेट त्यावर, आणि पोनी मागं वाऱ्यावर उडत उघडी. टोकं म्हणजे सगळ्यात जुने केस, कितीतरी वेळा कलर झालेले, आधीच रुक्ष. हेल्मेटचं कवच ऊन पूर्ण अडवतं, पण बाहेर राहिलेल्या केसांना त्याचा उपयोग शून्य. वेणी घालून ती सनकोटच्या आत टाका, किंवा मानेवर खाली छोटा अंबाडा घालून स्कार्फचं टोक त्यावर आणा. वरचा अंबाडा नको, हेल्मेट बसत नाही. एवढ्या एका बदलानं टोकांचा अर्धा प्रश्न मिटेल, पैसा न घालता.

तुम्हाला पटत नसेल तर घरी करून बघा. पुढच्या वेळी पार्लरमध्ये टोकं कापाल तेव्हा रंगवलेल्या केसांच्या चार बारीक बटा मागून घ्या. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कार्डावर सेलोटेपनं शेजारी-शेजारी चिकटवा. पहिली ॲल्युमिनियम फॉइलखाली, दुसरी तुमच्या स्कार्फच्या एका पदराखाली, तिसरी दुहेरीखाली, चौथी उघडी. गच्चीवर दुपारभर ठेवायचं, संध्याकाळी आत. मधूनमधून बटा पाण्यानं ओल्या करा, कारण डोक्यावरचे केसही घामानं आणि न्हाण्यानं ओले होतातच. उन्हाळ्यातले दोन-तीन आठवडे झाले की कार्ड सावलीत नेऊन बघा. उघडी आणि फॉइलखालची यांच्यातला फरक डोळ्याला दिसतो. तुमचा स्कार्फ किती कामाचा ते दुसरी आणि तिसरी बट सांगेल, मी सांगायची गरज नाही.

गच्चीवरून आठवलं. रविवारी न्हायचं आणि ओले केस मोकळे सोडून पापड-कुरडयांच्या राखणीला गच्चीवर बसायचं, हे एप्रिलमध्ये घरोघरी चालतं. ओला केस फुगलेला असतो, खवले उघडे असतात, त्या अवस्थेत ऊन जास्त नुकसान करतं. केस पंख्याखाली वाळवा, वाळल्यावर पदर घेऊन खुशाल गच्चीवर जा. कोंड्यासाठी लिंबू लावून उन्हात बसणं तर पूर्ण बंद. लिंबू आणि ऊन मिळून केसाचा रंग उडवतात, आणि कपाळावर ओघळ आला तर कातडीही भाजते.

स्प्रेचं सांगते. धुऊन टाकायच्या शॅम्पूवर "यूव्ही प्रोटेक्शन" लिहिलेलं असेल तर त्यासाठी जादा पैसे देऊ नका, बहुतेक सगळं मोरीत जातं. केसात राहणारा स्प्रे किंवा सीरम थोडं काम करतं. मागच्या बारीक अक्षरांत बेंझोफिनोन-4 किंवा इथाइलहेक्सिल मेथॉक्सिसिनामेट असं एखादं नाव आहे का ते बघा, नसेल तर तो नुसता वासाचा आणि चमकीचा. वर एसपीएफचा आकडा असला तरी भुलू नका, तो आकडा कातडीवर मोजतात, केसावर नाही. मारायचा तर भांगावर, वरच्या थरावर आणि टोकांना मारून कंगवा फिरवायचा, वरून कापड हवंच. घाम आला, केस धुतले की तो गेला. माझ्या मते आधी चांगलं कापड घ्या, पैसे उरले तर स्प्रे.

खोबरेल ऊन अडवत नाही म्हटलं तरी चालेल, त्या भरवशावर उघड्या डोक्यानं फिरू नका. त्याचा उपयोग धुण्याच्या वेळी आहे. ते केसाच्या आत शिरतं, धुताना केस कमी फुगतो, प्रथिनं कमी जातात. म्हणून न्हायच्या आदल्या रात्री टोकांना लावा. दुपारी तेल लावून रस्त्यावर निघालात तर परभणीची सगळी धूळ घरी येईल आणि ती काढायला आणखी एक न्हाणं वाढेल. स्कार्फखाली घाम येतो म्हणून रोज शॅम्पू करायचा मोह होतो, तोही टाळा. घाम नुसत्या पाण्यानं निघतो, शॅम्पू आठवड्यातून दोनदा पुरे. बोअरचं पाणी असेल तर शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या. क्षार केसावर बसले की रंग असूनही मळका दिसतो.

आता जे तांबडे झालेत त्यांचं. पार्लरवाली म्हणेल, परत मुळापासून टोकापर्यंत ब्राऊन मारू. नको म्हणा. टोकांवर पुन्हा पेरॉक्साइड म्हणजे आणखी पोकळ केस, आणि जूनपर्यंत पुन्हा हेच. पक्का कलर फक्त नव्यानं आलेल्या पांढऱ्या मुळांना लावून घ्या, आणि लांबीला अमोनिया नसलेला, सौम्य डेव्हलपरचा डेमी-पर्मनंट कलर, राखाडी छटेचा ब्राऊन. तो हळूहळू धुतला जातो, पण तांबूसपणा झाकतो. तोवर आठवड्यातून एकदा निळा शॅम्पू चालेल, निळा नारिंगीला मारतो. जांभळा घेऊ नका, तो पिवळ्या पडलेल्या फिक्या केसांसाठी असतो. माझं ऐकाल तर हे काम आत्ता करूच नका. मे जाऊ द्या, शाळा जूनच्या मध्याला उघडते, त्याच्या आधीच्या आठवड्यात करा. कलर बदलताय तर कानामागं टेस्ट लावून 48 तास थांबा, आणि कलर झाल्यावर दोन दिवस शॅम्पू नको.

मेंदीचं म्हणाल, तर शुद्ध मेंदी केसाच्या प्रथिनाला घट्ट धरते आणि उन्हात पक्क्या डायपेक्षा चांगली टिकते. पण पांढऱ्या केसांवर तिचा रंगच नारिंगी. ज्या तांबडेपणाला तुम्ही कंटाळलात, तोच पक्का होऊन बसेल. वर निळीच्या पानांची पूड लावली तर गडद होतं, पण नीळ आधी उतरते. आणि बाजारातली "काळी मेंदी" ही बहुतेक वेळा डायच असते. काही मेंदी मिश्रणांत धातूचे क्षार असतात, त्यावर पुढे पेरॉक्साइडचा कलर केला की केस तापून तुटतात. मेंदी लावायचीच असेल तर पाकिटावर फक्त मेंदीची पानं लिहिलेली असू द्या, आणि पुढच्या वेळी पार्लरमध्ये खुर्चीत बसायच्या आधी ते सांगा.