दर जूनला पाचवा हिस्सा

प्रश्न: माझी मुलगी तीन वर्षांची आहे. मी निपाणीत असतो, पगारी नोकरी. पंधरा वर्षांनी तिच्या इंजिनिअरिंगसाठी पैसे लागतील म्हणून एसआयपी करायची आहे, पण नेमकं त्याच वर्षी मार्केट पडलं तर? शेवटी पैसे सुरक्षित ठिकाणी हलवा म्हणतात, पण कधी आणि किती हे कुणी सांगत नाही.

उत्तर:

मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेब बघतो. मुलीसाठी २००९ मध्ये एसआयपी सुरू केली आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये ती इंजिनिअरिंगला गेली. म्हणजे तुमच्यापुढची पंधरा वर्षं माझी पार पडली आहेत. पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला माझ्यापेक्षा चिकोडीच्या थोरल्या भावाकडून मिळालं, म्हणून आधी त्याचं सांगतो.

त्याचा मुलगा २०२० मध्ये पीयूसी सेकंड इयरला होता. भावाने बरीच वर्षं नेमाने पैसे टाकून जवळजवळ चौदा लाख जमवले होते, आणि ते सगळे इक्विटी फंडात होते. परीक्षा झाली की काढू, असं तो म्हणायचा. जानेवारीत सेन्सेक्स ४२,००० ओलांडून गेला होता, तेव्हा काढायची घाई कशाला वाटेल? २३ मार्चला तो २५,९८१ वर बंद झाला. भावाच्या चौदा लाखांचे नऊ झाले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याने सगळं विकून टाकलं. नोव्हेंबरात सेन्सेक्स पुन्हा ४२,००० च्या वर होता. थांबला असता तर नुकसान झालं नसतं, हे आज कुणीही सांगेल. पण फी भरायला काही महिने उरलेत, लॉकडाऊन लागलाय, रोज बाजार खाली जातोय, अशा वेळी कुठला बाप थांबेल? मी त्याला दोष देत नाही. चूक एप्रिलमधल्या विक्रीत नव्हती. त्याआधीच्या चार-पाच वर्षांत काहीच न हलवण्यात होती.

आणि २०२० ची घसरण लवकर भरून निघाली, दर वेळी तसं होत नाही. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० वर गेला, ऑक्टोबरात ८,५०० च्या खाली आला, आणि परत २१,००० दिसायला नोव्हेंबर २०१० ची दिवाळी उजाडली. जवळजवळ तीन वर्षं. म्हणून माझा साधा हिशेब असा, की तीन वर्षांच्या आत लागणाऱ्या पैशातला मोठा भाग इक्विटीत असू नये, आणि हलवायला सुरुवात त्याच्याही आधी, पाच वर्षं शिल्लक असताना करावी.

आता किती हलवायचं ते. बहुतेक लोक टक्क्यांची कोष्टकं देतात, ती घरात कुणाच्या लक्षात राहत नाहीत. मी युनिट्स मोजतो. पाच वर्षं उरली की असलेल्या युनिट्सचा पाचवा भाग सुरक्षित फंडात हलवायचा. चार वर्षं उरली की उरलेल्यांचा चौथा, मग तिसरा, मग निम्मा, आणि एक वर्ष उरलं की राहिलेलं सगळं. १०,००० युनिट्स असतील तर दर वर्षी बरोबर २,००० निघतात. भाव काय आहे हे बघायची गरजच पडत नाही, आणि हीच या पद्धतीची ताकद आहे. या पाच वर्षांतली नवी एसआयपी मात्र इक्विटीत टाकू नका, ती सरळ सुरक्षित फंडात वळवा.

मी हे जून २०१९ ला सुरू केलं. दुसरा हिस्सा जून २०२० ला आला, तेव्हा सेन्सेक्स ३४-३५ हजारांत होता. तो काढताना हात थरथरला, खरं सांगतो. बायको म्हणाली, या वर्षी राहू द्या. पण कागदावर लिहिलेलं मोडलं नाही. पुढचा हिस्सा ५२ हजारांच्या आसपास निघाला, त्यानंतरचाही साधारण तिथेच, आणि शेवटचा जून २०२३ ला ६३ हजारांच्या पुढे. सगळं तसंच ठेवलं असतं तर ऑगस्ट २०२४ ला सेन्सेक्स ८०,००० च्या घरात होता, म्हणजे मला बरेच जास्त मिळाले असते. ही किंमत मी मोजली, आणि तुम्हालाही मोजावी लागेल. त्या बदल्यात प्रवेशाच्या वर्षी आमच्या घरात बाजाराकडे कुणी पाहत नव्हतं. आज करायचं झालं तर एकच बदल करीन. वर्षाचा हिस्सा जूनच्या एका दिवशी न काढता एसटीपी, म्हणजे दर महिन्याला थोडे पैसे आपोआप दुसऱ्या फंडात हलवायची सोय, लावून बारा महिन्यांत काढीन. त्यासाठी दोन्ही फंड एकाच कंपनीचे लागतात, हे सुरुवातीलाच बघून ठेवा.

पण फी एकदम लागत नाही, चार वर्षं लागते. त्यामुळे एकच मोठी रक्कम डोळ्यासमोर ठेवण्यापेक्षा चार डबे धरा. प्रत्येक डब्याची तारीख वेगळी आणि प्रत्येकाची पाच वर्षं स्वतंत्र मोजायची. पहिल्या वर्षाचा डबा मुलगी तेरा वर्षांची झाली की हलायला लागतो, दुसऱ्याचा चौदाव्या वर्षी, आणि असेच पुढचे. प्रवेशाला दोन वर्षं उरतात तेव्हा पहिल्या डब्यात इक्विटीचा एक पंचमांश राहतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात चार. म्हणजे एकूण निम्मी युनिट्स अजून वाढायला मोकळी असतात. एकाच तारखेला सगळं सुरक्षित केलं तर शेवटच्या वर्षाचे पैसे विनाकारण लवकर थंड पडतात.

तुमच्या मुलीसाठी आकडा घालून बघू. सीईटीतून सरकारी कोट्यात जागा मिळाली, कॉमेड-केमधून मिळाली की मॅनेजमेंटची घ्यावी लागली, यावर फी पार बदलते. शिवाय बेळगाव-हुबळीत राहून शिकणं वेगळं आणि कोल्हापूर-पुण्याला हॉस्टेलवर ठेवणं वेगळं. समजा आजच्या भावाने फी, राहणं, जेवण मिळून वर्षाला तीन लाख. हा खर्च दर वर्षी ८ टक्क्यांनी वाढला तर पंधरा वर्षांनी पहिल्या वर्षाला साडेनऊ लाख लागतील आणि चौथ्या वर्षाला बारा. चारही मिळून ४३ लाख. उरलेल्या डब्यांवर ७ टक्के मिळत राहिले असं धरलं, तर पहिल्या दिवशी साधारण ३९ लाख हातात असले की पुरतं.

इथे एक चूक सर्रास होते. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये लोक १२ टक्के घालतात आणि महिना ७,७०० रुपये असं उत्तर येतं. पण शेवटच्या पाच वर्षांत, म्हणजे रक्कम सर्वात मोठी असताना, तुम्ही ती इक्विटीतून काढत असता. तिथे १२ टक्के मिळणार नाहीत. पूर्ण काळाचे १० टक्के धरा, मग महिना सुमारे ९,३०० लागतात. एवढे आज जमत नसतील तर ५,२०० ने सुरू करून दर वर्षी १० टक्क्यांनी वाढवत नेलं तरी साधारण तिथेच पोचता. इक्विटीचे १० टक्केही कुणी लिहून देत नाही, म्हणून दर दोन वर्षांनी कॉलेजची खरी फी विचारून आकडा पुन्हा मांडा.

थोडं थोडं काढण्याचा कराच्या बाजूनेही फायदा आहे. इक्विटी फंड वर्षभरापेक्षा जास्त ठेवून विकला तर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढच्यावर साडेबारा टक्के. २३ जुलै २०२४ पासूनचा हा नियम आहे. समजा एकूण नफा ११ लाख आहे. एकाच वर्षी काढलात तर पावणेदहा लाखांवर कर, म्हणजे सेस सोडून १,२१,८७५ रुपये. पाच वर्षांत सारखा वाटून काढलात तर दर वर्षी ९५,००० वर, पाचही मिळून ५९,३७५. निम्म्याहून कमी. निम्मी एसआयपी बायकोच्या स्वतःच्या कमाईतून आणि तिच्या नावाने असेल तर तिचा सव्वा लाख वेगळा.

सुरक्षित फंड म्हणून कुठला घ्यायचा? वर्षभरात लागणारे पैसे लिक्विड फंडात, त्यापुढचे मनी मार्केट किंवा शॉर्ट ड्युरेशन फंडात. जास्त परतावा दिसतो म्हणून कमी पतीच्या कंपन्यांना कर्ज देणाऱ्या क्रेडिट रिस्क फंडात जाऊ नका. एप्रिल २०२० मध्ये एका मोठ्या फंड कंपनीने सहा डेट योजना एकाएकी बंद केल्या आणि लोकांचे पैसे बराच काळ अडकून पडले. लांब मुदतीच्या सरकारी रोख्यांचे गिल्ट फंडही या कामाचे नाहीत, कारण व्याजदर वाढले की त्यांची एनएव्ही, म्हणजे युनिटचा भाव, चांगलीच खाली येते. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडाचा नफा कितीही वर्षांनी काढला तरी तुमच्या उत्पन्नात मिळवला जातो. त्यामुळे कराच्या दृष्टीने बँकेतल्या एफडीपेक्षा फार वेगळं काही नाही. एफडी सोयीची वाटत असेल तर बिनधास्त एफडी करा.

मुलगी आहे म्हणून सुकन्या समृद्धीचाही विचार करा. जानेवारी २०२४ ला त्याचा दर ८.२ टक्के झाला, सरकार तो दर तिमाहीला ठरवतं, आणि व्याज करमुक्त आहे. पण खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी ते पूर्ण होतं, म्हणजे तुमची मुलगी चोवीसची असेल तेव्हा. अठरा वर्षं झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर शिक्षणासाठी आधीच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्मेच निघतात. तेव्हा इंजिनिअरिंगच्या हिशेबात फक्त ते निम्मे धरा.

शेवटचं, आणि हे मी बऱ्याच ओळखीच्या घरांत बघितलंय. फंड मुलीच्या नावाने काढू नका. ती अठरा पूर्ण करते त्या दिवसापासून तो फोलिओ थांबतो. तिचं पॅन, तिच्या नावाचं बँक खातं आणि केवायसी देऊन सज्ञान म्हणून नोंद होईपर्यंत काढणं, हलवणं सगळं बंद. आणि अठरावं वर्ष म्हणजे नेमकं सीईटीचं वर्ष. तुमच्या नावाने काढा, बायकोला नॉमिनी ठेवा, आणि चार डब्यांच्या चार तारखा आजच एका वहीत लिहून ती वही तिला दाखवून ठेवा.