कर्जाच्या पूलमधला तोटा आधी कोणाचा?

प्रश्न: बरीच कर्जं एकत्र करून विकतात, त्या पूलमधली काही कर्जं बुडाली तर आधी पैसे मिळणारा सीनिअर आणि त्याच्यामागून मिळणारा ज्युनिअर, दोघांचेही पैसे त्याच प्रमाणात कमी होतात ना? मग सीनिअरला ट्रिपल ए, म्हणजे सर्वात सुरक्षित असं रेटिंग कसं मिळतं?

नाही, प्रमाणात होत नाहीत. तोटा खालून वर चढतो. मी एका फायनान्स कंपनीत अशा पूलचे मासिक रिपोर्ट करायचो, म्हणून आकडे घेऊनच सांगतो.

समजा, कर्ज देणाऱ्या कंपनीने दुचाकीच्या कर्जांचा 100 कोटींचा पूल एका ट्रस्टला विकला. ट्रस्टने त्यावर 85 कोटींची सीनिअर आणि 15 कोटींची ज्युनिअर सर्टिफिकेटं काढली, म्हणजे पूलच्या हप्त्यांवर हक्क देणारे कागद. हप्त्यांतून आलेल्या पैशांतून आधी खर्च, मग सीनिअरचं व्याज आणि मुद्दल, आणि त्यानंतर ज्युनिअरचं. कर्जदार जे व्याज भरतात ते सर्टिफिकेटवरच्या व्याजापेक्षा जास्त असतं. हा फरक पूर्ण मुदतीत 5 कोटी धरू.

आता 8 कोटी बुडाले. पहिले 5 कोटी या जादा व्याजातून भरून निघतात, उरलेले 3 ज्युनिअर सोसतो. त्याची 20 टक्के रक्कम गेली, सीनिअरला धक्काही नाही. 24 कोटी बुडाले तर? 24 वजा 5 वजा 15, म्हणजे सीनिअरचे 4 कोटी जातील, असं वाटतं. पण जादा व्याज फक्त हप्ते भरणाऱ्यांकडूनच येतं. एवढी कर्जं बुडाली की ते 5 ऐवजी 3 कोटींवर येऊ शकतं, आणि सीनिअरचे 6 कोटी, म्हणजे सुमारे 7 टक्के जातात. हा भाग नवखे लोक हमखास विसरतात.

ज्युनिअर बहुतेक वेळा कर्ज देणाऱ्या कंपनीकडेच राहतो, आणि ते योग्यच आहे. वसुली तिनेच करायची असते. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या नियमांनुसार 24 महिन्यांहून जास्त मुदतीच्या कर्जांत तिने साधारण 10 टक्के जोखीम स्वतःकडे ठेवावीच लागते.

रेटिंगमागे खरं गृहीतक हे की सगळे कर्जदार एकदम थकणार नाहीत. 2016 च्या नोटबंदीनंतर विदर्भात बायकांच्या गटांना दिलेल्या मायक्रोफायनान्स कर्जांची वसुली कोसळली, तेव्हा एकेका गावातल्या बायकांचे हप्ते एकाच वेळी थांबले. एकाच जिल्ह्यातल्या कर्जांचा पूल असेल तर सीनिअरखाली असलेली ज्युनिअरची 15 टक्क्यांची उशी कागदावर दिसते तेवढी जाड नसते.

म्हणून सर्टिफिकेट घेणार असाल तर मासिक रिपोर्टमध्ये 90 दिवसांहून जास्त थकलेली रक्कम बघा आणि ती सीनिअरखाली उरलेल्या उशीशी ताडून पाहा. पूल नीट चालला तर सीनिअर फिटत जातो आणि ही उशी वाढते. सीनिअर 45 कोटींवर आला आणि ज्युनिअरचे 15 शाबूत असले, तर उरलेल्या 60 मध्ये ती 25 टक्के होते. थकबाकी त्याहून वेगाने वाढत असेल, तर रेटिंग बदलण्याची वाट बघू नका.