चिडचिडीचे दिवस आणि वहीची शेवटची पानं

“मॅडम, महिन्यातले काही दिवस मी माझी राहतच नाही. मुलावर खेकसते, नवऱ्याशी भांडते, मग बाथरूममध्ये जाऊन रडते. आणि मग एक दिवस सगळं आपोआप निवळतं. वय चव्वेचाळीस. मला वेड लागत चाललंय का?”

चाळिशी ओलांडलेल्या बायकांकडून हा प्रश्न, शब्द थोडे इकडेतिकडे करून, मी सतत ऐकते. म्हणून सुनीताताईंची गोष्ट सांगते. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही.

सुनीताताई शाळेत शिक्षिका. पहिल्या भेटीत मी विचारलं, “वाईट दिवस साधारण कधी असतात?”

“कधी म्हणजे? कायमच.”

असं उत्तर बहुतेक जणी देतात आणि त्यात खोटेपणा नसतो. मन वाईट असतं तेव्हा मागचा सगळा महिना वाईट आठवतो, बरं असतं तेव्हा काही घडलंच नव्हतं असं वाटतं. म्हणूनच डॉक्टरसुद्धा पाळीआधीच्या तीव्र त्रासाचं निदान नुसत्या आठवणीवर पक्कं करत नाहीत; किमान दोन पाळीचक्रांची रोजची नोंद मागतात.

आम्ही नोंद अगदी साधी ठेवली. शंभर पानी वही, रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटं. पाळी सुरू झाल्यापासून कितवा दिवस, आणि चिडचिड, उदासी, झोप या तिन्हींना शून्य ते तीन गुण. शून्य म्हणजे त्रास नाही, तीन म्हणजे कामं अडली किंवा नात्यात खटका उडाला. घरात पाहुणे, शाळेची तपासणी, कुणाचं आजारपण असेल तर त्याचा एकच शब्द. सकाळी उठून कालचं लिहायचं नाही, राहिलं तर रकाना कोरा सोडायचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नको असं मीच सांगितलं, कारण ते सगळं घर वाचतं.

पहिलं चक्र अठ्ठावीस दिवसांचं निघालं. बाविसाव्या दिवसापासून चिडचिड दोन-तीनवर, आणि पाळी आल्याच्या दुसऱ्या दिवशी शून्य. त्यानंतर जवळजवळ दोन आठवडे शून्य नाहीतर एक. ताई ते पान बराच वेळ बघत राहिल्या. “म्हणजे मी कायम अशी नसते?” त्यांचा आवाज बदलला होता.

मग त्यांनी उत्साहाने पुढच्या महिन्याच्या तारखा काढल्या, बाविसाव्या दिवसापासून कामं हलकी केली. आणि पाळी आली चोविसाव्या दिवसानंतरच. त्रास अठराव्या दिवशी सुरू झाला, नेमका पालकसभेच्या दिवशी. एका पालकाशी जोरात वाजलं. पुढच्या भेटीत त्यांनी वही टेबलावर ठेवली, “काही उपयोग नाही हिचा.”

पंचविशीतल्या मुलीला तारखा मोजून पुष्कळदा भागतं. चाळिशीत मोजणी फसते, कारण बीज बाहेर पडण्याचा दिवस पुढेमागे होतो, कधी बीज बाहेर पडतच नाही. त्यानंतर पाळी येईपर्यंतचा काळ साधारण दोन आठवड्यांचा राहतो, पण त्याआधीचा काळ लांबतो-आखडतो. दोन चक्रांच्या लांबीत सात किंवा त्याहून जास्त दिवसांचा फरक वारंवार पडू लागला, की रजोनिवृत्तीकडे जाण्याचा काळ सुरू झाला असं धरतात. या काळात हार्मोन्स एका सरळ रेषेत उतरत नाहीत, उसळतात आणि पडतात. आणि त्रासाचं मूळ अनेकींच्या बाबतीत हार्मोन कमी-जास्त असण्यापेक्षा त्या बदलाला मेंदू किती तीव्र प्रतिसाद देतो यात असतं. म्हणूनच रक्ताचा अहवाल ‘नॉर्मल’ येऊनही त्रास खरा असू शकतो.

मी म्हटलं, “तारीख सोडा. झोपेचा रकाना वाचा.”

त्यांनी बोट ठेवत वाचलं. पहिल्या महिन्यात विसाव्या रात्री तीन वाजता जाग. दुसऱ्या महिन्यात सोळाव्या रात्री तीन वाजता जाग. दोन्ही वेळा त्यानंतर दोन दिवसांनी चिडचिड वर.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या, “ही तर आधी सांगून येते!”

या क्षणासाठी मी हे काम करते. मी आधी सांगितलं असतं तर तो माझा सल्ला झाला असता. त्यांनी स्वतः शोधलं म्हणून ते त्यांचं झालं. तिसरं चक्र सदतीस दिवस लांबलं, पण एकोणतिसाव्या रात्री जाग आली आणि ताई तयार होत्या. त्या आठवड्यात रात्री खिचडी नाहीतर पिठलं-भात, मुलाचा अभ्यास नवऱ्याकडे, शाळेतली जादा कामं पुढच्या आठवड्यावर, आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर उत्तर द्यायचं ते दोन दिवसांनी. प्रत्येकीची खूण वेगळी असते. कुणाची छाती दुखरी होते, कुणाचं डोकं जड होतं. आणि बीज बाहेर न पडलेल्या महिन्यात खूण चुकतेही, म्हणून तिला पंचांग समजू नये.

घरात मात्र वेगळाच गुंता झाला. नवऱ्याने वही पाहिली आणि पुढच्या वादात म्हणाले, “तुझे ते दिवस आलेले दिसतायत.” ताईंनी वही कपाटात टाकली.

माझी विचारपद्धती विवेकनिष्ठ आहे. भावनेमागचा विचार तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही. मी त्यांना वहीची शेवटची पानं वापरायला सांगितली. तीनच्या दिवशी जे जे खटकेल ते तिथे एका ओळीत लिहायचं आणि शून्याच्या दिवशी वाचायचं. महिनाभराने त्यांनी वाचून दाखवलं. “ओला टॉवेल पलंगावर”, “भाजीला नाव ठेवलं” यावर त्यांनी स्वतःच काट मारली. पण एक ओळ उरली: सासूबाईंची औषधं, डॉक्टर, फिजिओथेरपी, सगळं मीच का?

“हे शून्याच्या दिवशीही खरं वाटतंय?”

“हो. फक्त इतर दिवशी मी गिळते.”

पाळीआधीचे दिवस तक्रार तयार करत नाहीत, पुष्कळदा तिच्यावरचं झाकण काढतात. म्हणून तक्रार टाकून द्यायची नाही, बोलण्याचा दिवस निवडायचा. पाळीनंतरच्या आठव्या दिवशी ताई नवऱ्याशी बोलल्या, आवाज न चढवता. फिजिओथेरपीचे दिवस नवऱ्याने स्वतःकडे घेतले. आणि ‘ते दिवस’ हा शब्द भांडणात वापरायचा नाही, असंही दोघांत ठरलं.

वहीत आणखी एक गोष्ट दिसली होती. तिसऱ्या पाळीत रक्तस्राव नऊ दिवस चालला, थकवा शून्याच्या दिवसांतही हटेना. मी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन ९.४ निघालं, बाईचं किमान १२ हवं. तपासणी होऊन लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. थायरॉइडही तपासून घेतलं, कारण त्याचा त्रास असाच दिसतो.

तुमच्या नोंदीत पाळीनंतरही शून्य-एकचे दिवस येतच नसतील, तर प्रश्न फक्त पाळीचा नाही, मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. चक्राला चिकटून येणारा तीव्र त्रासही औषधांनी आटोक्यात येतो, आणि काहींना ती फक्त पाळीआधीच्या दोन आठवड्यांत घेऊनही पुरतात. पाळी पूर्ण बारा महिने बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर थोडंसं असलं तरी लगेच तपासून घ्या. आणि वाईट दिवसांत जगणं नकोसं वाटत असेल, तर दोन महिन्यांची नोंद पूर्ण होण्याची वाट बघू नका. त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा, किंवा सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तिथे दिवसरात्र मराठीतही बोलता येतं.