काढून टाका म्हणता ती स्लाइड

"माझी मुलगी इंदूरला पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. करते आहे, दुसरं वर्ष. विषय: सांवेर, देपालपूर आणि महू भागांतल्या कूपनलिकांच्या पाण्यातलं नायट्रेट. जानेवारीत विभागीय संशोधन समितीपुढे दहा मिनिटांचं प्रगती-सादरीकरण आहे आणि तिने फक्त सात स्लाइड केल्यात. मी ओळखीच्या डिझायनरकडून चौतीस करून घेतल्या, अ‍ॅनिमेशनसकट. तिने मे महिन्यात ६० कूपनलिकांचे नमुने घेतले होते, नोव्हेंबरात ४१ चेच मिळाले. उरलेल्यांपैकी आठ मधल्या काळात आणखी खोल केल्या, सहांच्या मोटारी जळाल्या, पाच मालकांनी नकार दिला. हे तिने एका अख्ख्या स्लाइडवर मांडलंय. ती काढून टाक म्हणतो तर ऐकत नाही. आमच्या राजेंद्रनगरातली तिच्या वयाची मुलं एमपीपीएससी देऊन नोकरीला लागली. तिला समजवा आणि एखादं चांगलं टेम्प्लेट सुचवा."
— एक वडील, इंदूर

काका, तुमच्या पत्रात तुम्ही आहात, डिझायनर आहे, शेजारची मुलं आहेत, पण मुलीच्या मार्गदर्शकांचं नाव कुठेच नाही. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. समितीपुढे जाणारी प्रत्येक स्लाइड आधी मार्गदर्शकांनी पाहिलेली असावी लागते, कारण अवघड प्रश्न आला की उत्तरासाठी सगळे त्यांच्याकडेच बघतात. त्यांना ठाऊक नसलेला चौतीस स्लाइडचा संच ऐन वेळी पडद्यावर आला, तर तुमच्या मुलीची आणि त्यांची दोघांचीही पंचाईत होईल. त्यामुळे तिला समजवायचं काम मी करणार नाही. तिच्या सात स्लाइड बरोबर आहेत. तुम्ही काढायला सांगता ती तर त्यांतली सगळ्यात महत्त्वाची.

एमपीपीएससीचं उत्तर एका ओळीत: तो वेगळा रस्ता आहे, तिला जायचं असेल तेव्हा ती विचारेल.

तुमचा गैरसमज मात्र नीट दूर करायला हवा. स्लाइड जास्त म्हणजे काम जास्त, असं समितीला कधीच वाटत नाही. दहा मिनिटांत चौतीस म्हणजे एका स्लाइडला जेमतेम अठरा सेकंद. समितीतली माणसं तेवढ्यात शीर्षक वाचतात, आकृतीचे अक्ष शोधतात आणि स्लाइड सरकते. आठव्या मिनिटाला अध्यक्ष म्हणतात, 'शेवटची स्लाइड दाखवा.' मग मधल्या स्लाइड गाळून ती 'धन्यवाद'वर पोचते आणि ज्यावर चर्चा व्हायला हवी होती ते राहूनच जातं. शिवाय ही बैठक प्रबंधाच्या तोंडी परीक्षेची छोटी आवृत्ती नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची तरतूद आहे ती मूल्यमापन आणि पुढचं मार्गदर्शन यांसाठी. प्रगती समाधानकारक नसेल तर समितीने कारणं नोंदवून सुधारणा सुचवायच्या असतात. समितीचं नाव विद्यापीठागणिक बदलतं, काम हेच. जिथे गाडी अडली आहे ते न दाखवता मार्गदर्शन कसलं मिळणार? आणि आकृतीत ६० ऐवजी ४१ च ठिपके आहेत हे कुणीतरी मोजणारच. तिने आपणहून सांगितलं तर ती अडचण ठरते, त्यांनी शोधून काढलं तर लपवाछपवी.

इथून पुढचं पत्र मुलीला वाचायला द्या. ते तिच्यासाठी आहे.

दहा मिनिटं मिळाली आहेत म्हणजे आठ मिनिटांचं बोलणं तयार कर. दारात उशीर, प्रोजेक्टर जुळवणं, मधेच आलेला एखादा प्रश्न यांत उरलेली दोन जातात. सात स्लाइडचा क्रमही असा ठेव की पाचव्या मिनिटाला थांबवलं तरी मुख्य गोष्ट सांगून झालेली असेल. शीर्षकाच्या स्लाइडला वीस सेकंद पुरेत. नंतर प्रश्न आणि तिन्ही तहसिलींचा नकाशा एकाच स्लाइडवर. तिसरीवर मागच्या बैठकीत समितीने काय सुचवलं होतं आणि त्याचं काय झालं, हे दोन स्तंभांत. ही स्लाइड बहुतेक विद्यार्थी विसरतात, आणि समिती मात्र आपली जुनी टिपणं समोर घेऊन बसलेली असते. चौथीवर नमुने घेण्याची आणि तपासण्याची पद्धत. पाचवीवर गळालेल्या कूपनलिका, सहावीवर ४१ जोड्यांचा निष्कर्ष, सातवीवर पुढचे सहा महिने आणि समितीला विचारायचा प्रश्न. साहित्याचा आढावा या सादरीकरणात नको. तो आराखडा मंजूर झाला तेव्हाच होऊन गेला.

पाचव्या स्लाइडवर तुझं लिहून झालंय की किती गळाल्या आणि का. ते अर्धंच उत्तर आहे. समितीतला जाणकार माणूस विचारणार की गळालेल्या कूपनलिका उरलेल्यांसारख्याच होत्या का. याचं उत्तर तुझ्याकडे आहे, कारण मे महिन्यातले आकडे साठाही ठिकाणचे आहेत. एक आडवा अक्ष घे, त्यावर मे मधलं नायट्रेट. तहसीलवार तीन ओळी कर. ज्यांचा नमुना दोन्ही वेळा मिळाला त्यांचे ठिपके भरीव, गळालेल्यांचे पोकळ. ४५ वर एक उभी रेघ ओढ, कारण पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलत नाही. पोकळ ठिपके भरीव ठिपक्यांत सगळीकडे विखुरलेले दिसले, तर ४१ वर पुढे जाता येईल असं तू निर्धास्त म्हणू शकतेस. पण पोकळ ठिपके रेघेच्या उजवीकडे दाटले असतील, तर नोव्हेंबरचं चित्र आहे त्यापेक्षा बरं दिसत असण्याची शक्यता आहे, आणि एकाच तहसिलीतून बहुतेक गळाले असतील, तर त्या तहसिलीबद्दल ठामपणे बोलता येत नाही. तेही त्याच स्लाइडवर लिही. खोल केलेल्या आठ कूपनलिकांचा ठिपका वेगळा ठेव, पोकळ चौकोन चालेल. त्यांचं पाणी अजूनही घेता येतं, पण ते आता वेगळ्या खोलीवरून येतं. मे च्या आकड्याशी त्याची जोडी लावता येत नाही, हे तोंडी नक्की सांग.

सहाव्या स्लाइडवर डिझायनरने स्तंभालेख केला असणार: मे ची सरासरी, नोव्हेंबरची सरासरी, दोन रंगीत खांब. तो वापरू नकोस. पावसाच्या पाण्याने शेतातलं खत झिरपून काही ठिकाणी नायट्रेट वाढतं, काही ठिकाणी त्याच पाण्याने ते विरळ होतं. सरासरीत हे चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात. त्याऐवजी आडव्या अक्षावर मे, उभ्या अक्षावर नोव्हेंबर आणि प्रत्येक कूपनलिकेचा एक ठिपका. दोन्ही अक्ष शून्यापासून आणि एकाच मापाचे ठेव, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढ. रेघेच्या वरचा ठिपका म्हणजे वाढ, खालचा म्हणजे घट. मग दोन्ही अक्षांवर ४५ च्या रेघा काढल्यास की आकृतीचे चार चौकोन होतात. डावीकडचा वरचा चौकोन तुझ्या प्रबंधाचा गाभा आहे: मे मध्ये पिण्याजोगं असलेलं आणि नोव्हेंबरात न राहिलेलं पाणी. तो चौकोन फिकट राखाडी रंगव, त्यातले ठिपके मोज आणि तो आकडा शीर्षकात घाल. 'निष्कर्ष' असं शीर्षक काहीच सांगत नाही. 'पावसाळ्यानंतर ४१ पैकी इतक्या कूपनलिका मर्यादेबाहेर गेल्या' हे वाक्य वाचलं की आकृतीत काय शोधायचं ते कळतं.

अक्षाच्या नावात एक चूक नेहमी होते. नायट्रेट मोजलंय की नायट्रेटमधला नायट्रोजन, हे स्पष्ट लिही. नायट्रोजन म्हणून १० मिलिग्रॅम म्हणजे नायट्रेट म्हणून सुमारे ४४. नायट्रोजनच्या मापातले ठिपके आणि नायट्रेटच्या मापातली ४५ ची रेघ एकाच आकृतीत आली, तर जवळजवळ सगळ्या कूपनलिका सुरक्षित दिसतात. आकडे संशयास्पद रीतीने चांगले दिसत असतील तर पहिल्यांदा हेच तपास.

तहसिली रंगांनी वेगळ्या दाखवू नकोस. गोल, त्रिकोण, चौकोन वापर. पाचव्या स्लाइडवर चौकोनाला वेगळा अर्थ आहे, म्हणून तिथे तहसिली ओळींनीच वेगळ्या राहू देत. जुन्या प्रोजेक्टरवर पिवळा आणि पोपटी पार उडून जातात, आणि लाल-हिरव्यातला फरक काही माणसांना दिसतच नाही. एक्सेलमधल्या आलेखाची अक्षरं मुळात नऊ-दहा पॉइंटची असतात. आलेख स्लाइडवर आणल्यानंतर ती किमान अठरा कर.

विभागातला प्रोजेक्टर आधी बघून ये. तो जुना चार-तीन मापाचा असेल आणि तुझ्या स्लाइड सोळा-नऊच्या असतील, तर वर-खाली काळे पट्टे येतात आणि पडद्याची पाऊण उंचीच वापरात येते. तसं असेल तर स्लाइडचं माप सुरुवातीलाच बदल. शेवटी बदललंस तर आकृत्यांची मांडणी बिघडते. अक्षरं वाचता येतात का, हे घरी असं तपास: पडदा दीड मीटर रुंद आणि मागचा सदस्य सहा मीटरवर असेल, तर तो पडद्याच्या रुंदीच्या चौपट अंतरावर बसलाय. साध्या पंधरा इंची लॅपटॉपसाठी ते अंतर साधारण एक मीटर चाळीस सेंटिमीटर भरतं. तेवढ्या लांबून अक्षावरचे आकडे वाचता आले पाहिजेत. हिंदीत मजकूर असेल तर कृतिदेव नको, युनिकोड वापर. विभागाच्या संगणकावर कृतिदेव नसला की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. फाइलची पीडीएफ प्रतही पेन ड्राइव्हवर ठेव.

साठ ओळींचा पूर्ण तक्ता, २२० नॅनोमीटरवरचा प्रमाणीकरणाचा आलेख आणि गळालेल्या कूपनलिकांची यादी सातव्या स्लाइडच्या मागे राखीव ठेव. या स्लाइडचे क्रमांक कागदावर लिहून घे. प्रश्न आला की सादरीकरण चालू असतानाच क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की पॉवरपॉइंट थेट तिथे जातं.

सातव्या स्लाइडवरचा प्रश्न समितीला हो किंवा नाही म्हणता येईल असा असू दे, आणि दोन्हींची किंमत शेजारी लिही. ४१ जोड्यांवर पुढे गेलीस तर विश्लेषण मार्चपर्यंत होईल. गळालेल्यांच्या जागी नव्या कूपनलिका घेतल्यास, तर मे मध्ये पहिला नमुना आणि जोडी पुरी व्हायला पुढचा नोव्हेंबर. तुझा कल कुठे आहे तेही सांग. ही स्लाइड झाली की आधी मार्गदर्शकांना दाखव, बाकीच्या नंतर.

काका, तुमच्याकडे एक काम आहे. घरच्या तालमीला घड्याळ घेऊन बसा. आठ मिनिटं झाली की हात वर करा. मधे बोलू नका. ती कुठल्या स्लाइडवर होती तेवढं कागदावर लिहून तिला द्या.