चेंडू लागला, दुखणं थांबलं, सकाळी पुन्हा सुरू झालं: सोनोग्राफी किती घाईची?

प्रश्न: भावाला (वय १५) काल संध्याकाळी टेनिस बॉल क्रिकेट खेळताना अंडकोषावर चेंडू लागला. तेव्हा कळवळला, पण दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटून पुन्हा खेळला. आज पहाटेपासून डाव्या बाजूला परत दुखतंय, थोडी सूज आहे, एकदा उलटी झाली. घरचे म्हणतात मुका मार आहे, दोन दिवसांत उतरेल. सोनोग्राफी आजच करावी का? आम्ही पारोळ्याजवळच्या गावात राहतो.

उत्तर:

भाऊ, पुढचं नंतर वाचा, आधी गाडी काढा. आज म्हणजे दुपारपर्यंत नाही, आत्ता. भावाला काही खायला-प्यायला देऊ नका, कारण ऑपरेशन लागलंच तर भूल द्यायला पोट रिकामं असलेलं बरं. बाकीचं गाडीत बसून वाचता येईल.

मी जळगावात सोनोग्राफी करतो, आणि तुम्ही लिहिलंय तशा हकिगती मी बऱ्याच ऐकल्या आहेत. मला तुमच्या लिहिण्यात सूज सगळ्यात कमी खटकली. जास्त खटकलं ते दुखणं थांबून परत येणं. साध्या मुक्या माराचं दुखणं सुरुवातीला जीवघेणं असतं, पोटात कळ जाते, माणूस जमिनीवर लोळतो. पण ते उतरत जातं. तासाभरात बऱ्यापैकी कमी होतं आणि मागे राहतो तो हात लावल्यावरचा ठणका. रात्रभर शांत राहून पहाटे त्याच बाजूला नव्याने कळ येणं आणि सोबत उलटी, हे माराच्या हिशेबात बसत नाही. त्यातून चेंडू टेनिसचा. मार हलका आणि दुखणं भारी असं दिसलं की माझ्या डोक्यात पहिली शंका गोटीला पीळ पडल्याची येते.

गोटी हा शब्द पेशंटच वापरतात, म्हणून मीही वापरतो. गोटी पिशवीत एका दोरीला टांगलेली असते आणि त्या दोरीतून तिला रक्त जातं. बहुतेकांची गोटी मागच्या बाजूने चिकटलेली असते, त्यामुळे ती गिरकी घेत नाही. काही मुलांत ही पकड जन्मतः सैल असते आणि गोटी घंटेतल्या लोळीसारखी मोकळी लोंबते. अशी गोटी झोपेतसुद्धा फिरू शकते, आणि कधीकधी धक्का लागल्याचं निमित्त होतं. वयात येणाऱ्या मुलांत, साधारण १२ ते १८ वर्षांत, हे सगळ्यात जास्त दिसतं. दोरीला पीळ पडला की रक्त अडतं. पहिल्या ६ तासांत पीळ सुटला तर गोटी बहुधा वाचते. १२ तासांनंतर आशा झपाट्याने कमी होते आणि २४ तासांनंतर फार थोड्या वाचतात. हे तास चेंडू लागल्यापासून नाही, तर हे दुसरं दुखणं सुरू झाल्यापासून मोजायचे. म्हणून पहाटे किती वाजता भाऊ उठला ते त्याला नीट विचारा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.

एक प्रसंग सांगतो, ओळख पटेल असं काही न लिहिता. अमळनेर तालुक्यातला १४ वर्षांचा मुलगा. संध्याकाळी सातला सायकलवरून घसरून दांडीवर आपटला. दुखलं, थांबलं. रात्री अकराला झोपेतून उठला आणि आईला म्हणाला, "माय, पोटमा दुखस." लाजेने नेमकी जागा सांगितली नाही. त्याला उलटीही झाली. घरच्यांना वाटलं अपचन, ओवा दिला. सकाळी जवळच्या दवाखान्यात पोट तपासून गॅसचं औषध मिळालं. चड्डी उतरवून कुणी पाहिलंच नाही. नऊच्या सुमारास त्याला चालता येईना, तेव्हा त्याने वडिलांना खरं सांगितलं. माझ्या टेबलावर आला तेव्हा साडेदहा वाजले होते, म्हणजे दुसरं दुखणं सुरू होऊन साडेअकरा तास झाले होते.

मी आधी त्याची उजवी, म्हणजे चांगली बाजू पाहिली. नेहमी तसंच करतो. डॉपलरमध्ये वाहणारं रक्त लाल-निळ्या रंगात दिसतं, पण गोटीतलं रक्त फार संथ वाहतं. मशीन त्या संथ वेगावर आधी चांगल्या बाजूला जुळवून घ्यावी लागते, नाहीतर दोन्ही बाजूंना रंग दिसणार नाही आणि फसगत होईल. उजवीकडे रंगाचे ठिपके छान लुकलुकत होते. डावीकडे त्याच सेटिंगवर काहीच नाही. गोटी थोडी मोठी, वर सरकलेली आणि आडवी. वरच्या दोरीत भोवऱ्यासारखी गुंडाळी स्पष्ट दिसत होती. मी रिपोर्ट टाइप होण्याची वाट न बघता सर्जनला फोन केला. तासाभरात ऑपरेशन झालं. पीळ सोडवून, गरम सलाइनमधल्या कापडात गुंडाळून त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, पण गोटीचा काळा रंग बदलला नाही. ती काढावी लागली. उजवी गोटी त्याच वेळी टाके घालून आत पक्की केली, कारण सैल पकड बहुधा दोन्ही बाजूंना असते.

त्याच्या वडिलांनी बाहेर येऊन एकच विचारलं, पुढे लग्नाचं, पोराबाळांचं काय? एक गोटी चांगली असली तर बहुतेकांना मूल होण्यात अडचण येत नाही, आणि दाढी-मिशी, आवाज, ताकद सगळं नेहमीसारखंच येतं. मी खरं तेच सांगितलं. पण मध्यरात्री आला असता तर हा प्रश्नच आला नसता, हे मला आजही बोचतं.

आता दुसरी शक्यता. जोराच्या मारात गोटी फुटू शकते. कबड्डीत गुडघा, लेदर बॉल, मोटारसायकलची टाकी ही त्याची नेहमीची कारणं. गोटीवर पांढरं, चिवट आवरण असतं. ते सहजासहजी फाटत नाही, त्याला मोठा जोर लागतो. गोटी मांडीच्या आणि पुढच्या हाडाच्या मध्ये चेमटली की ते तडकतं आणि आतला गर बाहेर येतो, भोवती रक्त साठतं. इथे सूज लवकर आणि मोठी येते, पिशवी निळी-जांभळी पडते आणि बोटांनी चाचपून गोटी वेगळी सापडतच नाही. सोनोग्राफीत तिची गुळगुळीत कड तुटलेली, वाकडी दिसते आणि आतला भाग एकसारखा राहत नाही. यात ६ तासांची तलवार डोक्यावर नसते, पण तीन दिवसांच्या आत उघडून, मेलेला भाग काढून आवरण शिवलं तर गोटी वाचायची शक्यता बरीच जास्त असते. कड शाबूत असूनही भोवती खूप रक्त साठलं असेल, तरी सर्जन बहुधा उघडतातच, कारण त्या दाबाने गोटीला इजा होते आणि रक्ताआड बारीक चीर लपू शकते.

तुमच्या भावाला हे असण्याची शक्यता मला कमी वाटते. दहा मिनिटांनी तो पुन्हा खेळला, फुटलेल्या गोटीने सहसा कुणी खेळत नाही. पण कमी म्हणजे शून्य नाही, आणि एकाच तपासणीत दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात: रक्त जातंय का, आणि कड सलग आहे का. दहा-पंधरा मिनिटं लागतात. सुई नाही, क्ष-किरण नाहीत, फक्त गार जेल.

मात्र सोनोग्राफीलाही मर्यादा आहे. पीळ अर्धवट असेल, किंवा पडून आपोआप सुटला असेल, तर रंग दिसू शकतो आणि रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. म्हणून सर्जनने हाताने तपासून पीळच आहे असं ठामपणे सांगितलं आणि मशीन मिळायला दोन तास लागणार असतील, तर सोनोग्राफीचा हट्ट धरू नका. अशा वेळी थेट ऑपरेशन करणंच योग्य असतं. त्यात पीळ नाही निघाला तर एक छोटी जखम पदरात पडते, बस. आणि रिपोर्ट नॉर्मल आला, घरी आलात आणि कळ परत उठली, तर त्या कागदावर विसंबून राहू नका, त्याच दिवशी पुन्हा जा.

वाटेत काय करायचं ते थोडक्यात. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं ठेवला तर चालेल, उघडा बर्फ कातडीला लावू नका. गरम शेक, तेल लावून चोळणं, हळद-चुन्याचा लेप यातलं काही नको. चोळून कुणी पीळ सोडवतो म्हणाला तर त्याला हात लावू देऊ नका. लघवीत रक्त दिसतंय का किंवा लघवी अडली आहे का, हे भावाला विचारा. तसं असेल तर मूत्रनळीलाही मार असू शकतो, ते डॉक्टरांना आधीच सांगा.

कुठे जायचं? तुम्हाला धुळं आणि जळगाव दोन्ही धरता येतात आणि दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. गाडी नसेल तर १०८. आधी गावातल्या दवाखान्यात, मग तालुक्याला, मग जिल्ह्याला अशी पायरी चढत बसू नका. आमच्या भागात तास जातात ते याच पायऱ्यांवर. खासगीत जाणार असाल तर निघतानाच फोन करून दोन गोष्टी विचारा: डॉपलर करणारे डॉक्टर आत्ता हजर आहेत का, आणि ऑपरेशन करणारे सर्जन तिथेच आहेत का. नुसती मशीन असून भागत नाही. ती कायद्याने त्या जागेवर नोंदलेली असते, रात्री-अपरात्री दुसरीकडे उचलून नेता येत नाही.

अजून एक गोष्ट, भावासाठी. सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर बहुतेक गरोदर बायका आणि त्यांच्या सासवा बसलेल्या असतात, भिंतीवर गर्भलिंग निदानाची पाटी असते. पंधरा वर्षांचं पोरगं तिथे मान खाली घालून बसतं आणि "काय होतंय?" विचारलं की "काही नाही" म्हणतं. त्याच्या वतीने तुम्ही बोला. काउंटरवर "पोटात दुखतंय" किंवा "मार लागलाय" असं सांगू नका, नंबर लागेपर्यंत बसवतील. स्पष्ट सांगा: "डाव्या गोटीत अचानक कळ आली आहे, पहाटे अमुक वाजल्यापासून, उलटी झाली आहे, पीळ आहे का बघायचंय." हे वाक्य कानावर पडलं की आमच्याकडे तरी नंबर मोडून आत घेतात.