रेषेबाहेरून चौकोनापर्यंत

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू त्या सातवीतल्या मुलीचं सांगितलंस. बुधवारी खो-खोचा तास आला की तिचं पोट दुखतं आणि गुरुवारी चित्रकलेच्या तासाला ते थांबतं. तू म्हणालास, "सर, सोंग वाटतंय." सोंग नाही रे. पोट खरंच दुखतं. भीतीनं पोटात मुरडा येतो, हातापायाला घाम सुटतो, तोंड कोरडं पडतं. आणि तू "बरं, बस बाजूला" म्हणालास की पाच मिनिटांत तिला बरं वाटतं. तिथंच गोची आहे. मैदान टळलं की सुटका होते आणि सुटका इतकी गोड असते की पुढच्या बुधवारी पोट आणखी लवकर दुखायला लागतं. तिला बाजूला बसवून तू दया केलीस, पण भीतीला खुराक घातलास. मीही वर्षानुवर्षं हेच केलंय, म्हणून रागावून लिहीत नाही.

याच्या उलटी चूकही माझ्या खात्यावर आहे. एक मुलगा वर्गात चपळ होता, पण गर्दी दिसली की गारठायचा. मी त्याला आंतरशालेय सामन्यात थेट उतरवलं. म्हटलं, एकदा पडला पाण्यात की पोहेल. आपल्या कोल्हापुरातल्या पोरांना शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून पेठेच्या फुटबॉल टीमसाठी ओरडायची सवय. ती शाळेच्या मैदानावरही तशीच ओरडतात. पहिल्याच खोला तो उठला, चुकीच्या बाजूला वळला आणि जो हशा झाला तो मला अजून ऐकू येतो. उरलेलं वर्ष तो मैदानाकडे फिरकला नाही.

तालमीत नवं पोरगं आलं की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी खासबागेत कुस्तीला उभं करतो का? आधी हौद्यातली माती उकरायला लावतो. पोरगं जोर-बैठका मारतं, मोठ्यांच्या खडाखडी कडेला बसून बघतं, मग बरोबरीच्या पोराला हात लावतं. पण माती उकरतानाही ते हौद्यातच असतं, हे विसरू नकोस. तुझी मुलगी आत्ता झाडाखाली बसते, म्हणजे हौद्याच्या बाहेर आहे.

तेव्हा तिला पहिलं काम असं दे जे खेळाच्या आत आहे, पण ज्यात कुणी तिच्याकडे बघत नाही. खो-खोत असं काम म्हणजे वेळ घेणं. संरक्षणाची तिघांची तुकडी आत गेली की घड्याळ चालू करायचं आणि प्रत्येक जण कितव्या सेकंदाला बाद झाला ते कागदावर टिपायचं. बाकी सगळ्यांचे डोळे पळणाऱ्यांवर असतात. हिचे घड्याळावर. हे काम दोन तास कर म्हणावं.

तिसऱ्या तासाला त्याच कागदावर आणखी एक रकाना आख : फाऊल. कुणी उठायची घाई केली, कुणी मधली पाटी ओलांडली, कुणी धावताना दिशा बदलली, कुणी पुढून खो दिला, सगळं मोजायचं. नावं लिहायची नाहीत, फक्त रेघा ओढायच्या. पण रेघा ओढण्याआधी तिला एकच विचार, एकटीला : "एका पाळीत किती फाऊल होतील, आणि किती जणांना मुलं हसतील?" तिचा अंदाज कागदाच्या मागं लिहून ठेव.

माझ्याकडं असाच एक सहावीतला मुलगा होता. त्याचा अंदाज होता की दोन-तीनच फाऊल होतील आणि प्रत्येकाला सगळे हसतील. चार मिनिटांच्या पाळीत त्यानं अकरा रेघा ओढल्या. हसणं एकदाच झालं आणि तेही एकाची चप्पल उडाली म्हणून. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, काल कुणाकुणाचे फाऊल झाले? त्याला दोघांची नावं आठवली. मोजणाऱ्यालाच दोन आठवतात, तर बाकीच्यांना किती आठवणार? हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. कागद त्याच्या हातात होता. "कुणी हसत नाही, घाबरू नको" असं आपण शंभरदा सांगितलं तरी भित्र्या मुलाला ते खरं वाटत नाही. त्यानं स्वतः मोजलेलं त्याला नाकारता येत नाही. त्यासाठीच हे काम त्याला द्यायचं, रिकामं बसू नये म्हणून नाही.

इथं एक खड्डा आहे, त्यात मी पडलोय. एका पोराला मी गुणलेखक केलं. काम इतकं सुबक करायचा की मी त्याला दोन वर्षं तिथंच ठेवला. वही झकास, पोरगा मात्र वहीआड लपलेला. मैदानावर एकदाही बसला नाही. म्हणून काम देतानाच तिला सांग की हे चार तासांचं आहे, पाचव्या तासाला घड्याळ दुसऱ्याकडं जाईल. आणि चौथ्या तासाला त्यात आवाज मिसळ : तुकडी बाद झाली की तिनंच ओरडून सांगायचं, "दुसरी तुकडी!" दोनच शब्द, पण सगळ्यांपुढं. पुढं तिला "खो" ओरडायचंय. पुटपुटलेला खो चालत नाही, पंच फाऊल देतो. लाजऱ्या मुलाला पळण्यापेक्षा तो एका अक्षराचा आवाजच जड जातो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आता चौकोन. खो-खोत आठ जण मधल्या पाटीवरच्या चौकोनांत बसतात आणि नववा पाठलाग करतो, म्हणजे नवख्याला आत असूनही गर्दीत राहता येतं. कबड्डीत चढाईला जाणारा एकटा असतो, सगळं मैदान त्याच्याकडं बघतं. म्हणून अशा मुलाची सुरुवात मी खो-खोनंच करतो. पण बसलेल्याचीही एक भीती असते : पाठीमागून कधी हात पडेल ते कळत नाही. तेव्हा आधी ती अनिश्चितता काढ. पळणारा नाहीच, सहाच मुलं आणि खोचा क्रम ठरलेला : पहिल्यानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला. तिला तिसऱ्या चौकोनात बसव, तिच्या मागून खो देणारी तिची मैत्रीण असू दे. खो आला की उठायचं, चार पावलं जायचं, पुढच्याला खो द्यायचा आणि त्याच्या जागी बसायचं. खांबाशेजारचे चौकोन तिला देऊ नकोस. तिथंच वळावं लागतं, तिथंच गडी निसटतो आणि तिथंच सगळे ओरडतात.

पुढचं सगळं एका नियमावर चालतं : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पळणारा आणायचा असेल तर क्रम ठरलेलाच ठेव. क्रम मोकळा सोडायचा असेल तर मुलं सहाच ठेव. पूर्ण वर्ग बसवायचा असेल तर त्या दिवशी गुण मोजू नकोस. मी ज्याला सामन्यात ढकललं त्याच्यासाठी गर्दी, गुण, अनोळखी संघ आणि मोकळा खो अशा चार गोष्टी मी एकाच सकाळी बदलल्या होत्या.

पुढं कधी सरकायचं ते तिलाच विचार, पण तोंडानं नको. पूर्वी मी पोरांना "सोळा आण्यांतले किती आणे भीती?" असं विचारायचो. आताच्या पोरांना आणे कळत नाहीत. दहापैकी जितकी भीती तितकी बोटं दाखवायला सांग, पाठीमागं हात धरून, फक्त तुला दिसतील अशी. खेळाआधी आणि खेळ संपल्यावर. सात-आठ बोटं असतील तर ती पायरी फार उंच झाली, मधे एक छोटी घाल. सलग दोन तास तीन-चारवर आली की पुढं सरक. पहिल्याच दिवशी शून्य दाखवलं तर विश्वास ठेवू नकोस. तुला खूष करायला दाखवलेलं असतं. तेव्हा बोटांपेक्षा खांदे बघ आणि ती खो कितपत मोठ्यानं देते ते ऐक.

मधेच ती "सर, पोट" म्हणेल. तेव्हा काय करायचं ते आधी ठरवून ठेव : पाळी पूर्ण होईपर्यंत चौकोन सोडायचा नाही, पण पाळी दोनच मिनिटांची. भीती टिपेला असताना उठून गेली तर मैदान धोक्याचंच आहे हे तिच्या मनात पक्कं होतं. दोन मिनिटं बसली तर भीती आपोआप उतरताना तिला जाणवते. म्हणून वेळ लहान ठेवायची, पण ती मोडायची नाही. बाकी वर्गाची पाळी चारची असली तरी चालेल, दोन मिनिटांनी राखीव मुलगी आत घे आणि हिला परत घड्याळाकडं पाठव.

सगळ्यात शेवटी पळती. तिघांच्या तुकडीत तिला दुसरी ठेव, पहिल्यांदा गर्दी पहिलीच्या मागं लागते. इथं तिचा जुना कागद कामाला येतो. माझा तो सहावीतला मुलगा पळायला उभा राहिला तेव्हा त्याला वर्गातल्या सगळ्यांचे सेकंद ठाऊक होते. चांगले पळणारेही चाळिशीच्या आत बाद होत होते. खो-खोत पळणारा बहुतेक वेळा बादच होतो, प्रश्न फक्त किती वेळानं. तो चौदा सेकंद टिकला, बाहेर आला, घड्याळवाल्याला म्हणाला, "किती?" आणि रांगेत बसला. तो आकडा त्यानं मला सांगितला नाही, मीही विचारला नाही. जूनमध्ये घड्याळ हातात घेतलं होतं आणि हे गणपतीनंतर झालं. मधे दोन आठवडे पावसानं मैदान बंद होतं, तेव्हा आम्ही एक पायरी मागं येऊन सुरू केलं. सुट्टीनंतर तुलाही तसंच करावं लागेल.

काही गोष्टी करू नकोस. दोन कर्णधार उभे करून गडी निवडायला लावू नकोस. शेवटी उरणारं पोर कोण हे सगळ्या वर्गाला आधीच माहीत असतं. तुकड्या तू घरी कागदावर पाडून आण. आणि ती पहिल्यांदा खेळली की "टाळ्या वाजवा रे, हीसुद्धा खेळली!" असं चुकूनही म्हणू नकोस. ज्या मुलीला नजरा नकोत, तिच्यावर तू चाळीस जणांच्या नजरा आणून ठेवशील. जाताजाता "आज तिसऱ्या चौकोनातला खो वेळेवर दिलास" एवढं पुरे.

हे सुरू करण्याआधी एक चौकशी कर. मैदानावर येऊ न देणारी प्रत्येक गोष्ट भीती नसते. धाप लागते का, लांबचं नीट दिसतं का, मासिक पाळीचा त्रास आहे का, हे वर्गशिक्षिका बाईंना सांगून विचारून घे. वर्गातली कुणी तिला मुद्दाम टोचत असेल तर आधी तो बंदोबस्त, पायऱ्या नंतर. आणि भीती मैदानापुरती राहिली नसेल, म्हणजे वर्गात उत्तरही देत नसेल, डबा खात नसेल, शाळाच बुडवत असेल, तर हे तुझ्या शिट्टीचं काम नाही. घरच्यांना बोलाव, समुपदेशकाकडं पाठव. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा फुकट नंबर त्यांना लिहून दे.

येत्या बुधवारी फक्त घड्याळ दे. मोबाईलवरचं नको. त्यात मान घालून बसायला तिला निमित्त मिळेल. दोरीचं, गळ्यात अडकवायचं, मोठ्या बटणाचं घे. आणि तिला झाडाखाली नाही, खांबाच्या रेषेत, मैदानाच्या कडेला, तुझ्या शेजारी उभी कर. पहिल्या दिवशी दोन-तीन वेळा चुकीचं बटण दाबेल, तेव्हा तू दुसरीकडं बघ.

तुझा,
सर